जुन्या याद्यांतील ऐजनाची खूण व उभी रेघ

१. सोलापुराहून अक्कलकोटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जी वसाहत आहे, व जिला सर्व लोक अक्कलकोट रोड एमआयडीसी असेंच म्हणतात, तींत चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमागांचे कारखाने पुष्कळ आहेत. यांतील अनेक कारखानदारांचीं घराणीं मूळचीं शहराच्या पूर्वभागांतील पेठांत हातमागावर विणकाम करणारीं अथवा विणकरांस सूत देऊन माल घेणारीं होत. त्यामुळें कारखान्याच्या कपाटांत आजच्या हजेरीपुस्तकांबरोबर आजोबा-पणजोबांच्या वेळच्या सूतवाटपाच्या वह्याहि कधीं कधीं सांपडतात. अशा वह्या जीर्ण झाल्या म्हणजे घरचीं मंडळी त्यांची नक्कल करवितात, आणि ती नक्कल आमच्यासारख्यांकडे वाचावयास येते. त्या नकला पाहतां पाहतां एक गोष्ट ध्यानांत आली, तिचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. यादींत वरचाच शब्द पुन्हां लिहावयाचा असतां लेखक त्याच्या जागीं दोन लहान रेघा मारतो, किंवा रकान्यांतून एक लांब उभी रेघ खालपर्यंत ओढतो. नक्कलकारानें या खुणा खुणाच म्हणून उतरावयाच्या, कीं त्यांच्या जागीं अभिप्रेत शब्द भरावयाचे? आमच्या मतें खूण खूणच ठेविली पाहिजे. तसें कां, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. प्रथम या खुणेच्या नांवाविषयीं. मराठी दप्तरांत तिला ऐजन म्हणतात. हा शब्द मूळ अरबी असून फारसीच्या द्वारें आपल्याकडे आला. ‘तसेंच, आणखीहि’ असा त्याचा अर्थ. कारकून कधीं हा शब्द पुरता लिहितात, कधीं नुसत्या दोन उभ्या रेघा मारतात, व त्या रेघांच्या दोन्ही अंगांस एक एक आडवी रेघ देऊन —॥— अशी आकृति करितात. इंग्रजी राज्यांत कचेऱ्यांतून ‘डिट्टो’ हा शब्द रूढ झाला. तो इटालियन भाषेंतील ‘सांगितलेलें’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. आपल्या कागदांतील ‘मजकूर’ या शब्दाचाहि मूळ अर्थ ‘ज्याचा उल्लेख झाला आहे तें’ असाच आहे. मौजे मजकूर, साल मजकूर म्हटलें म्हणजे वाचक मागें पाहतो. म्हणजे यूरोपांतील व्यापाऱ्यास व आपल्या कुळकर्ण्यास एकच युक्ति सुचलेली आहे: शब्द न लिहितां वाचकाची दृष्टि वर पाठवावयाची. मात्र ती किती वर पाठवावयाची, हें खूण स्वतः सांगत नाहीं.

३. ज्यांनीं पाणिनीय व्याकरण वाचलें आहे त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं. अष्टाध्यायींत एका सूत्रांतील पद पुढील सूत्रांत पुन्हां न उच्चारतां चालत येतें, त्यास अनुवृत्ति म्हणतात; तें जेथें थांबतें तेथें त्याची निवृत्ति होते; आणि कांहीं ठिकाणीं मधलीं सूत्रें ओलांडून तें बेडकासारखी उडी घेतें, त्यास मण्डूकप्लुति हें नांव आहे. कोणतें पद कोठपर्यंत चालतें याविषयीं टीकाकारांत मतभेद आहेत. असें असूनहि सूत्रपाठांत तीं पदें भरून ठेवण्याचें धाडस कोणीं केलें नाहीं. पदें भरण्याचें काम काशिकेसारख्या वृत्तींनीं केलें व सूत्रपाठ होता तसा राहिला. म्हणूनच वृत्तिकाराची अनुवृत्ति मान्य नसेल त्यास आजहि मूळ सूत्राकडे जाऊन दुसरा अर्थ लावतां येतो. यादींतील ऐजन ही लेखणीनें दाखविलेली अनुवृत्ति होय. तिचा विस्तार ही वृत्ति आहे, व वृत्तीनें मूळाची जागा घेऊं नये.

४. आतां मराठी हिशेबी कागदांत या खुणेची जी एक विशेष अडचण आहे तिच्याकडे वळूं. आपल्या जुन्या अंकलेखनांत अपूर्णांक उभ्या रेघांनीं दाखवीत. एक रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, आणि तीन रेघा म्हणजे पाऊण. रुपयापुढें एक रेघ असली कीं चार आणे, दोन असल्या कीं आठ आणे, तीन असल्या कीं बारा आणे. म्हणजे ॥ ही आकृति एकाच पानावर ऐजनाची खूणहि असूं शकते व अर्ध्याचा अंकहि असूं शकतो. पेठेच्या किंवा नांवाच्या रकान्यांत असली तर संशय नाहीं. पण वजनाच्या अगर रकमेच्या रकान्यांत एकटी उभी असली तर वाचकाची परीक्षा होते. काळजीवाहू कारकून नुसत्या अर्ध्याच्या आधीं शून्य किंवा अवग्रहासारखी खूण घालतो, मग घोटाळा होत नाहीं. परंतु घाईनें लिहिणारे पुष्कळ वेळां ती घालीत नाहींत.

हा दोष वाचकाच्या वयाप्रमाणें निरनिराळ्या दिशेनें घडतो, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, व त्यानंतर थोडक्याच वर्षांत वजनेंमापेंहि दशमान झालीं. त्यापूर्वीं शाळा शिकलेला मनुष्य ॥ पाहतांच अर्धा वाचतो. त्यानंतर शिकलेल्यास ही खूण केवळ ‘वरीलप्रमाणें’ एवढीच माहीत असते. म्हणून आजचा नक्कलकार विस्तार करूं लागला कीं अर्ध्यांचें ऐजन होतें, आणि त्याचा आजा तेंच काम करिता तर ऐजनांचे अर्धे झाले असते.

५. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवितों. खालील यादी आम्हीं सूतवाटपाच्या वहीच्या धर्तीवर येथें रचली आहे; तींतील नांवें कल्पित आहेत. वजन बंडलांचें आहे, व एक बंडल दहा पौंडांचें धरावें.

| क्र. | नांव | पेठ | सुताचा नंबर | बंडल |
|---|---|---|---|---|
| १ | लक्ष्मय्या | साखर पेठ | २० | १॥ |
| २ | नरसय्या | ॥ | ॥ | ॥ |
| ३ | राजय्या | ॥ | ४० | २ |
| ४ | यल्लप्पा | ॥ | ॥ | ॥ |
| ५ | विठ्ठल | भवानी पेठ | २० | ३। |
| | बेरीज | | | ८॥। |

पेठेच्या व नंबराच्या रकान्यांत कोठेंहि संशय नाहीं. नरसय्या साखर पेठेंतला, त्यास वीस नंबरचें सूत दिलें. यल्लप्पाहि साखर पेठेंतला, त्यास चाळीस नंबरचें. प्रश्न शेवटच्या रकान्याचा आहे. दुसऱ्या व चवथ्या ओळींतील ॥ हें ऐजन कीं अर्धें बंडल? दोन ठिकाणीं दोन दोन अर्थ संभवतात, म्हणून एकंदर चार पक्ष होतात. दोन्ही अर्धे धरले तर बेरीज पावणेआठ येते. दोन्ही ऐजन धरले तर सव्वादहा येते. दुसऱ्या ओळींत अर्धा व चवथींत ऐजन धरलें तर सव्वानऊ येते. दुसऱ्या ओळींत ऐजन व चवथींत अर्धा धरला तर पावणेनऊ येते. वहींत बेरीज पावणेनऊ दिली आहे. तेव्हां नरसय्यास लक्ष्मय्याप्रमाणें दीड बंडल मिळालें, आणि यल्लप्पास केवळ अर्धें मिळालें, हें निश्चित झालें. एकाच लेखकानें एकाच रकान्यांत दोन ओळींच्या अंतरानें तीच आकृति दोन अर्थांनीं योजिली आहे.

आतां हीच यादी विस्तार करून उतरणारा काय करील तें पाहावें. पहिल्या दोन रकान्यांत ॥ म्हणजे ऐजन हें त्याच्या हातास वळण पडलेलें असतें, म्हणून तिसऱ्यांतहि तो तेंच करितो. नरसय्यापुढें दीड लिहितो, तें बरोबर असतें. यल्लप्पापुढें दोन लिहितो, तें चूक असतें. बेरीज जुळत नाहीं असें दिसतांच तो, फार तर, मूळ लेखकाचा हिशेब कच्चा होता असें ठरवून सव्वादहा घालतो. त्या क्षणीं प्रमाद पकडण्याचें एकच साधन होतें तेंहि गेलें. यल्लप्पाच्या नांवें पांच पौंडांऐवजीं वीस पौंड सूत चढलें. सूत वजनानें घेऊन कापड वजनानें परत देणाऱ्या विणकराच्या बाबतींत याचा अर्थ पंधरा पौंडांची तूट त्याच्या माथीं बसणें असा होतो. पुढें कोणी त्या नकलेवरून विणकरांच्या कर्जबाजारीपणाविषयीं लिहूं लागला, तर तो न झालेलें कर्ज मोजील. नकलेंत ॥ जसेंच्या तसें राहिलें असतें, तर कोणाहि जिज्ञासूस वरील चार पक्ष मांडून खरा कोणता तें काढतां आलें असतें.

बेरजेचा हा आधार मात्र डोळे मिटून घेऊं नये. बेरीज मूळ लेखकाच्याच हातची व त्याच शाईची आहे काय, आणि ती पुढील पानाच्या आरंभीं मागील बाकी म्हणून तशीच नेली आहे काय, हें पाहावें. मागाहून दुसऱ्यानें घातलेली बेरीज त्याच्या स्वतःच्या वाचनाची साक्ष देते, मूळ यादीची देत नाहीं.

६. उभ्या रेघेचें प्रकरण याहून निराळें आहे. दोन लहान रेघांची खूण प्रत्येक ओळींत वेगळी मारावी लागते, म्हणून लेखकानें निदान त्या त्या ओळीपुरता विचार केला असें मानतां येतें. लांब रेघ एका झटक्यांत ओढली जाते. तिच्यांत अर्थ आहे तो तिच्या दोन टोकांत: कोठून निघाली व कोठें संपली. आणि अशी रेघ तीन कारणांसाठीं मारलेली आढळते. वरचा शब्द खालीं चालूं आहे हें दाखविण्यासाठीं; रकाना रिकामा असून त्यांत मागाहून कोणीं कांहीं घालूं नये म्हणून; व मजकूर रद्द केला हें दाखविण्यासाठीं. पहिली रेघ एखाद्या शब्दाच्या लगत खालून निघते व पुढील शब्दाच्या वर थांबते. दुसरी रकान्याच्या माथ्यापासून तळापर्यंत जाते, तिच्या वर शब्द नसतो. तिसरी अक्षरांवरून जाते. नकलेंत या तीनहि रेघांच्या जागीं शब्द भरले, अथवा तीनहि गाळल्या, म्हणजे होकार, अभाव व निषेध यांतील भेद नाहींसा होतो.

रेघेच्या पोटांत मागाहून घातलेली ओळ आली म्हणजे आणखी सावध व्हावें लागतें. वरील यादींत तिसऱ्या व चवथ्या ओळींच्या मधल्या जागेंत बारीक अक्षरांनीं आणखी एक नांव घातलें आहे, आणि पेठेच्या रकान्यांत खुणांऐवजीं पहिल्या ओळीपासून चवथीपर्यंत उभी रेघ आहे, अशी कल्पना करा. हा नवा मनुष्य साखर पेठेंतला काय? रेघ त्याच्या ओळींतून जाते खरी. पण ती ओढली तेव्हां तो यादींत नव्हता. लेखकानें त्याच्या पेठेचा विचार केला होता असें त्या रेघेवरून म्हणतां येत नाहीं. शाईचा रंग, लेखणीची जाडी, नव्या नांवाचें शेवटचें अक्षर रेघेवर चढलें आहे कीं रेघ अक्षरावर चढली आहे, यांवरून आधीं कोणतें लिहिलें हें ठरतें. विस्तार केलेल्या नकलेंत मात्र त्याच्यापुढें ‘साखर पेठ’ हे शब्द इतरांइतक्याच ठळकपणें उभे राहतात, व संशयाला जागा होती हें कोणास कळतहि नाहीं.

७. खुणा जपल्यानें हानि टळते एवढेंच नव्हे, तर कांहीं नवीन ज्ञानहि हातीं येतें. नेटका लेखक पान उलटलें कीं नव्या पानाच्या पहिल्या ओळींत ऐजन मारीत नाहीं. तेथें शब्द पुन्हां पुरता लिहितो, कारण वाचकाच्या डोळ्यांपुढें वरचें पान नसतें. या संवयीचा उपयोग असा. एखाद्या यादींत पानाच्या अगदीं पहिल्याच ओळींत ऐजन दिसलें, तर त्याच्या आधींचें पान गळालें असावें, अथवा ती यादी दुसऱ्या यादीची नक्कल असून नक्कलकाराचीं पानें मूळाच्या पानांशीं जुळत नसावींत. उलट, पानाच्या मध्येंच, पेठ बदलली नसतांहि, ‘साखर पेठ’ हे शब्द पुन्हां पुरते लिहिलेले आढळले, तर मूळ प्रतींत तेथें नवें पान सुरू होत होतें असा तर्क करतां येतो. समजा, असे अनावश्यक पुरते शब्द पंधराव्या, एकोणतिसाव्या व त्रेचाळिसाव्या ओळींत आले. अंतर दर वेळीं चौदा ओळींचें पडलें. म्हणजे हरवलेल्या मूळ वहीच्या पानावर चौदा ओळी होत्या. मग दुसरीकडे कोठें चौदा ओळींचें एखादें सुटें पान मिळालें, तर तें त्या वहीचें आहे काय हें ताडून पाहण्यास आधार मिळतो.

या अनुमानासहि मर्यादा आहेत. लेखक दिवस बदलला, लेखणी बदलली किंवा मध्यें उठून गेला तरीहि शब्द पुन्हां पुरता लिहितो. म्हणून एका ठिकाणच्या पुनरुक्तीवरून कांहीं ठरवूं नये. तेंच अंतर निदान तीन वेळां आलें पाहिजे. पण सर्वत्र शब्द भरलेल्या नकलेंत असें अंतर मोजावयास उरतच नाहीं. तेथें प्रत्येक ओळ सारखी बोलते, आणि मूळ लेखक कोठें थांबला व कोठें पुढें गेला याची खूण पुसली जाते.

८. हा विषय केवळ जुनीं बाडें जमविणाऱ्यांच्या कुतूहलाचा नाहीं, हें अलीकडील एका गोष्टीवरून दिसतें. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली, आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठीं गांवोगांवचीं जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं. त्यांत मोडी कागद होते, आणि जन्ममृत्यूच्या नोंदींचा गांव नमुना नंबर १४ हि होता. अशा नोंदवहींत जातीचा रकाना असला म्हणजे पहिल्या ओळींत शब्द लिहून खालीं ऐजनाच्या खुणा किंवा रेघ असणें अगदीं स्वाभाविक आहे. आतां ज्याचा पूर्वज सातव्या ओळींत आहे त्यास उतारा हवा असतो तो सातव्या ओळीचा. केवळ ती ओळ उतरली तर जातीच्या रकान्यांत दोन रेघा येतात, व त्यांस वर पाहावयास कांहीं नसतें. शब्द भरून उतरली तर दस्तऐवजांत नसलेला शब्द नकलेंत येतो, आणि तो कारकुनाच्या समजुतीवर उभा असतो. दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत. निर्दोष मार्ग एकच: ज्या ओळींत शब्द प्रत्यक्ष लिहिला आहे तेथून विवक्षित ओळीपर्यंतच्या सर्व ओळी, मधली एकहि न गाळतां, खुणांसह उताऱ्यांत घ्याव्या. सात ओळींचा उतारा एका ओळीच्या उताऱ्याहून लांब होईल. पण तो स्वतःचा पुरावा स्वतःबरोबर घेऊन जाईल. शब्द असलेली ओळ मागील पानावर असेल तर पान कोठें संपलें तेंहि नोंदवावें.

९. हल्लीं याद्या संगणकांत भरतात, तेथें या खुणेस आणखी एक भय आहे. ऐजनाचा सर्व अर्थ तिच्या वरच्या ओळींत असतो. नांवांचा अकारविल्हे क्रम लावण्यासाठीं ओळी हलविल्या कीं प्रत्येक खूण नव्या शेजाऱ्याचा शब्द उचलते. वरच्या यादींत तसा क्रम लावल्यास यल्लप्पाच्या वर नरसय्या येतो, विठ्ठलाच्या वर लक्ष्मय्या येतो, आणि चाळीस-वीस नंबरांची सरमिसळ होते. यावर उपाय म्हणून पुष्कळजण आरंभींच शब्द भरून टाकतात. त्यापेक्षां दोन रकाने ठेवावे हें बरें. एकांत मूळ खूण, दुसऱ्यांत आपण लावलेला अर्थ. आणि सर्वांच्या आधीं मूळ पानाचा व ओळीचा अंक. मग ओळी कितीहि हलविल्या तरी अंकांवरून त्या पूर्वस्थळीं आणतां येतात, व शोधहि सुलभ होतो. छापील नकलेंत हेंच काम चौकोनी कंसानें होतें: खूण तशीच ठेवून तिच्यापुढें कंसांत संपादकाचा शब्द घालावा, व जेथें अर्थाचा निर्णय होत नाहीं तेथें कंस मोकळा ठेवावा.

विस्तारित पाठ वाचावयास सोपा असतो, व खुणांनीं भरलेलें पान पाहून सामान्य वाचक कंटाळतो, हा आक्षेप खरा आहे. वाचकाच्या सोयीसाठीं विस्तार अवश्य द्यावा. आमचें म्हणणें एवढेंच कीं तो मूळ पाठापासून वेगळा ओळखूं यावा.

१०. संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, यादीची नक्कल करितांना चार गोष्टी पाळाव्या. ऐजनाची खूण ज्या ओळींत व ज्या रकान्यांत आहे तेथेंच, जशी दिसते तशी काढावी. उभी रेघ कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत आहे तें समासांत लिहावें. पान कोठें बदललें तें दाखवावें. आणि बेरीज जुळो वा न जुळो, ती मूळांत असेल तशीच ठेवावी. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतील हजेरीपुस्तकांत आजहि पाळीच्या व मागाच्या रकान्यांतून अशाच लांब रेघा ओढलेल्या दिसतात, व तीं पुस्तकें रद्दींत जाण्यापूर्वीं जीं कोणी उतरून ठेवील त्यासहि हेच नियम लागू पडतील.